बसून घेतलेलं माप

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकाच गोष्टीवरून भांडणं होत होती, आणि ती गोष्ट म्हणजे आबांची पँट. आबा म्हणजे माझे वडील. कागलजवळच्या एका फौंड्रीत ते पॅटर्नमेकर होते, म्हणजे ज्या आकाराचं ओतकाम हवं त्या आकाराचा लाकडी नमुना बनवायचे. मी डिप्लोमा करून त्याच फौंड्रीत साच्याची वाळू तपासायच्या खोलीत लागले होते. शिवाजी पेठेतून रोज पहाटे दोघं एकाच मोटारसायकलवर निघायचो. गाडी आबा चालवायचे आणि मी मागे बसायचे. सातच्या पाळीला दारात हजर असायला लागायचं, त्यामुळे हायवेला लागायचो तेव्हा उजाडलेलंही नसायचं.

कोल्हापुरात कसली आलीय थंडी, असं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांनी डिसेंबरात पहाटे पाणी पाजलेल्या उसाच्या मधून गाडीवर एकदा जावं. चालत गेलं तर शाल पुरते. गाडीवर मात्र तीच हवा मांडीत आणि गुडघ्यात घुसते, आणि एकदा घुसली की दुपारपर्यंत मुक्काम करते.

आबांचा उजवा गुडघा तरुणपणी फुटबॉल खेळताना गेलेला. पेठेत हे सांगताना ते छाती पुढे काढायचे, आणि जिना उतरताना कठड्याला धरायचे. किक मारायची उजव्या पायानं, मागचा ब्रेक दाबायचा उजव्या पायानं, आणि नेमका तोच पाय थंडीत लाकूड व्हायचा. नोव्हेंबरात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की गुडघ्याला गार वारं लागू द्यायचं नाही, नाहीतर गाडी बंद करा. गाडी बंद म्हणजे नोकरी बंद. एसटी हायवेवर सोडायची आणि तिथून औद्योगिक वसाहतीत आत एवढं चालत जाणं त्या गुडघ्याला झेपणारं नव्हतं. निवृत्तीला अजून काही वर्षं होती, आणि घरात बसून राहिलेले आबा ही कल्पनाच आम्हाला करवत नव्हती. त्यांना तर मुळीच नाही.

"मग मी चालवतो की गाडी," मी म्हटलं. आमच्याकडे मुलीही 'जातो, येतो' असंच बोलतात. लायसन माझ्याकडे होतं. आबांनीच गावाबाहेरच्या मैदानावर मला गाडी शिकवली होती.

"आनि मी मागं बसू? पेठेतनं?" आबा म्हणाले. "गुडघा गेलाय, मी न्हाय गेलो अजून."

तो विषय तिथे संपला. आमच्याकडे विषय असेच संपायचे.

मग आईनं तोडगा काढला. थंडीत स्वेटर विकायला तिबेटी लोक येऊन बसायचे, त्यांच्याकडून तिनं थर्मलची पँट आणली. पांढरट, अंगाला चिकटणारी. ती आत घालायची आणि वरून जीन्स. जीन्स आबांना माझ्या मावसभावानं दिली होती, आणि लाकडाच्या भुशात, कानशीच्या घासाघाशीत ती टिकते म्हणून आबांना आवडली होती. थर्मलही त्यांनी विनातक्रार घातलं. कारण उघड होतं. ते कुणाला दिसत नव्हतं.

पहिल्या दिवशी गाडी स्टँडवर लावल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"झ्याक."

आणि खाली उतरताना सीटला धरून उभे राहिले. पाय सरळ होईना. मी बघतेय हे दिसल्यावर टायरमधली हवा तपासल्यासारखं करू लागले.

थर्मल वाईट नव्हतं. घरात, अंथरुणात, बसस्टॉपवर ते छान काम करतं. पण गाडीवर त्याच्या बाहेर जीन्स असते, आणि जीन्सच्या विणीतून वारा चाळणीतून पीठ गळावं तसा आत येतो. थर्मल जी ऊब धरून ठेवतं ती वारा लगेच काढून नेतो. त्यात बसल्यावर गुडघा वाकतो, जीन्स तिथे ताणली जाते आणि थर्मल चेपून पातळ होतं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ऊब पाहिजे नेमकं तिथेच काही उरत नाही. धुकं असलं तर जीन्स ओली व्हायची ती वेगळीच. मग फौंड्रीत भट्टीशेजारच्या शेडमध्ये दहा वाजता हेच थर्मल अंगाला भाजायला लागायचं. काढणार कुठे? जीन्स उतरवल्याशिवाय ते निघत नाही, आणि आमच्या मोरीवजा बाथरूममध्ये जीन्स टांगायला खिळासुद्धा नव्हता. डिसेंबर महिन्यात आबांच्या मांड्यांना घामोळं आलं. आई रात्री पावडर देत होती आणि आबा ती घेत होते, पण थर्मलबद्दल वाईट शब्द नाही. माझं डोकं फिरायला तेवढं पुरे होतं.

आमच्या खरेदी विभागात निपाणीकडून गाडीवर येणारे एक साहेब होते. ते मात्र गाडीवरून उतरले की सरळ चालायला लागायचे. त्यांच्या पायात एक फुगीर काळी पँट असायची. बाहेरून रेनकोटसारखं वारा न शिरणारं कापड, आतून मऊ लोकरी अस्तर, पायाच्या बाजूनं वरपर्यंत चेन. साध्या पँटवरून ती चढवायची आणि पोचल्यावर बूट न काढता चेन उघडून उतरवायची. आत शेडमध्ये नायलॉन चालत नाही, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं, म्हणून ते ती पार्किंगमध्येच पिशवीत घालून ठेवायचे.

मी त्यांना गाठलं. "सर, ही कुठं मिळते?"

"बेंगळूरहून आणली बघा. इकडं कुठं दिसली नाही," ते म्हणाले. "पण कापड मिळालं तर शिवून घ्या की. वारं अडलं पाहिजे, एवढंच."

एवढंच! मी त्याच संध्याकाळी पेठेतल्या आमच्या शिंप्याकडे गेले. फुटबॉल संघांच्या चड्ड्या आणि ट्रॅकसूट शिवणारा माणूस, नायलॉन त्याला नवीन नव्हतं. त्यानं विचारलं, "माप?"

आमच्याकडे मापाला माणूस जात नाही. जुनी पँट जाते. जी बरोबर बसते ती पिशवीत घालून द्यायची आणि 'अशीच शिवा' म्हणायचं. सगळी पेठ असंच करते, आणि आबा तर शिंप्याच्या दारात उभे राहायला तयार होणारच नव्हते. मी त्यांची इस्त्रीची जुनी पँट नेऊन दिली आणि म्हटलं, अशीच, फक्त वरून चढेल एवढी सैल.

पँट झाली. काळी, चेनवाली, आतून ब्लँकेटसारखी. मी ती आबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी बोटांनी अस्तर चाचपलं, चेन वर-खाली केली, शिवण उलटी करून पाहिली. कारागीर माणूस, कुणाचंही काम आधी उलटं करून बघायचा. मग म्हणाले, "अस्वलाची हाय व्हय?"

आईनं शपथ घातली तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी घातली. गल्लीच्या तोंडाशी दूधवाला होता, त्यानं हाक दिली, "पावणं, शिमल्याला निघाला की काय?" आबांनी गाडी अशी काढली की मी मागे पडता पडता वाचले.

पण खरं दुखणं हायवेवर कळलं. उभं राहिल्यावर पँट झकास बसत होती. गाडीवर बसल्याबरोबर सीटला करकचून आवळली आणि खालून पोटरीपर्यंत वर चढली. बुटाच्या वर वीतभर पाय उघडा, आणि तिथून वारा बोगद्यात शिरावा तसा आतून मांडीपर्यंत. गुडघ्यावर कापड एवढं ताणलं की अस्तर दाबून चपटं झालं. म्हणजे जीन्स आणि थर्मलचा जो दोष, तोच इथे नव्या कपड्यात शिवून घेतला होता.

कागलला पोचल्यावर आबा उतरले, पोटरी चोळली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "सांगिटलं न्हवं? थर्मलच बरं हाय."

त्यांचा चेहरा इतका खूश होता! पाय काकडून निळा पडलाय, गुडघा वाकत नाहीये, आणि हा माणूस खूश, कारण तो बरोबर ठरला होता. मला रडू आलं, रागानं. दिवसभर वाळूचे नमुने चाळताना मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो. त्यासाठी आबांकडे वेगळी पट्टी होती, तिला ते दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. लोखंड आकसेल तेवढी जागा सोडणारा हा माणूस स्वतःच्या गुडघ्याला मात्र काही सोडायला तयार नव्हता.

आणि पट्टीचा विचार करतानाच माझ्या लक्षात आलं, की चूक पँटच्या जातीत नाही, मापात आहे. पँट उभ्या माणसाची शिवली होती. गाडीवर माणूस उभा नसतो.

शिंप्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बसलेल्या मानसाचं माप कुनी घेतलंय का आजपतुर?"

"आता घ्या."

"मग मानूस आना."

माणूस येणार नव्हता. पण आबांची उंची मी घेतलीय. अंगानं दोघंही शेलाटे, पायांची लांबी सारखी. लहानपणापासून नातेवाईक मला हेच सांगून हिणवत आले होते, की मुलीच्या जातीला एवढे लांब पाय काय करायचे. रविवारी आबा तालमीसमोर गप्पा मारायला गेल्यावर मी गाडी काढली, शिंप्याच्या दारात स्टँडवर लावली आणि वर बसले. हँडल धरलं, पाय फूटरेस्टवर. शिंपी टेप घेऊन रस्त्यावर उकिडवा बसला. कंबरेपासून गुडघ्याच्या वाटीवरून थेट बुटापर्यंत टेप लावला. उभ्या मापापेक्षा एवढं जास्त भरलं की त्यानं दुसऱ्यांदा मोजलं. समोरच्या चहाच्या टपरीवरची सगळी माणसं कप हातात धरून बघत होती. एकजण म्हणाला, "गाडीला पन कापड घ्या की थोडं!" मी मान खाली घालून बसून राहिले. लाज वाटत होती, पण आबांचा जास्त राग येत होता, म्हणून निभावलं.

या वेळी शिंप्यानं गुडघ्यावर जास्तीचं कापड घालून तिथे फुगा ठेवला, सीटला जागा दिली, खाली घोट्याला इलॅस्टिक लावलं. हातात धरली तर पँट विचित्र दिसायची, गुडघ्यात वाकलेली. कुणी अदृश्य माणूस खुर्चीवर बसलाय असं वाटायचं. आबांनी तीही उलटी करून पाहिली.

"ही तर उभी बी ऱ्हाईना," ते म्हणाले.

"उभं राहायला शिवलीच न्हाय, आबा. एकदा घालून बसा तरी."

"बघू."

हे 'बघू' म्हणजे 'नाही'. पँट खुंटीवर गेली. रोज पहाटे मी ती काढून त्यांच्या बुटांजवळ ठेवायचे, रोज ते तिच्यावरून पाय टाकून पुढे जायचे. एकदा आई म्हणाली, "मी घालतो आता ही." तरी हसले नाहीत. टपरीवरची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होतीच. पेठेत काय लपतंय? तालमीसमोर कुणीतरी विचारलं होतं म्हणे, लेकीनं चड्डी शिवून दिली का. फुटबॉलच्या मैदानात ज्यांनी यांना खांद्यावर घेतलं होतं, तीच ही माणसं. त्यांच्यासमोर गुडघा दुखतो हे कबूल करायचं नव्हतं. थर्मल आत लपत होतं, पँट सगळ्यांना सांगत होती. हे मला तेव्हाही समजत होतं. समजत होतं म्हणून राग कमी होत नव्हता, उलट वाढत होता. चारचौघांत हसं व्हायला नको म्हणून एक शहाणा माणूस स्वतःचा पाय गमवायला निघाला होता, आणि मी त्याच्या पाठीच्या आडोशाला उबेत बसून ते बघत होते. सगळा वारा ते खात होते. मला फक्त बोटं गार पडायची.

जानेवारीत धुक्याचे दिवस आले. साखर कारखाने जोरात सुरू होते, हायवेवर उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक, पाठीमागे दिवा नाही. त्या पहाटे जीन्स धुक्यानं भिजून आबांच्या पायाला चिकटली होती, मागून मला दिसत होतं. गोकुळ शिरगाव मागे पडलं आणि समोर धुक्यातून एकदम उसाचे शेंडे दिसले. ट्रॉली उभीच होती.

आबांनी ब्रेक मारला. म्हणजे मारायला गेले. पाय फूटरेस्टवरून उचलला आणि पेडलपर्यंत पोचलाच नाही, अर्ध्यातच अडकला. हातानं पुढचा ब्रेक दाबला, गाडी वाकडी झाली, मी त्यांच्या पाठीवर आपटले, आणि आम्ही ट्रॉलीच्या बाजूनं उसाची पानं तोंडावर घासत मातीत जाऊन थांबलो. पडलो नाही. कुणाला काही झालं नाही. ट्रॉलीवाल्याला कळलंसुद्धा नसेल.

गाडी बंद पडली होती. आबांनी किक मारली. दुसऱ्यांदा पाय वर गेला नाही. ते तसेच हँडल धरून उभे राहिले. धुक्यात त्यांचा श्वास दिसत होता.

माझ्या तोंडात किती शिव्या आल्या असतील! महिनाभराचं सगळं साचलेलं होतं. पण त्या शिव्या गिळून मी पुढे झाले. गाडीला किक मी मारली. बाकीचं अंतर तेच चालवत गेले, हळू, सगळ्यात कडेनं. संध्याकाळी आईला त्यांनी काही सांगितलं नाही, म्हणून मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घालत होते. आबा आतून आले, अंगात तीच जीन्स, आत थर्मल, ते मला चालीवरून कळायचं. हातात खुंटीवरची काळी पँट. मला वाटलं, आला बाबा शहाणपणा. त्यांनी ती माझ्यासमोर धरली.

"घाल."

"तुमची हाय ती."

"माप कुनाचं घेतलंय? पुढं बसनाऱ्याची हाय ही." आणि गाडीची चावी त्यांनी पँटवर ठेवली.

मी चावी उचलून पँट हातात घेतली. मग घातली. चेन लावली, गाडी काढली, किक मारली. आबा मागे बसले. शिवाजी पेठेतून, उजाडायच्या आधी, पण दूधवाला होताच. दूध ओतता ओतता तो आमच्याकडे बघत राहिला. आबाच त्याला म्हणाले, "काय बघतोस? दूध उतू जाईल."

हायवेवर वारा सुरू झाला. छातीवर येत होता, बोटांवर येत होता. पायाला काही कळत नव्हतं. पँट कुठे ताणली नाही, वर चढली नाही, गुडघ्यावर अस्तर तसंच फुगलेलं. घरात अंथरुणात पाय असावेत तसे पाय. ट्रॉली दिसली की मागे आबांचा उजवा पाय फूटरेस्टवर दाबला जायचा, मला गाडीतून जाणवायचं. माझ्या आडोशानं त्यांना वारा कमी लागत होता, आणि त्या दिवशी ते सीटला न धरता खाली उतरले.

मी चेन उघडत होते. ते शेजारी उभे राहून माझ्याकडे नाही, पँटकडे बघत म्हणाले, "गुडघ्याला ऊब ऱ्हाते न्हवं?"

"राहते की."

"ऱ्हानारच. वाकलेल्या पायाचं माप हाय. पैल्या दिवशीच बघितलं म्या शिवन उलटी करून." आणि ते लंगडत शेडकडे चालायला लागले.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पँट बरोबर आहे हे माहीत असताना त्यांनी महिनाभर गुडघा वाऱ्यावर धरला होता, आणि शेवटी ती घालण्यापेक्षा आयुष्यभर चालवलेली गाडी माझ्या हातात देणं त्यांना सोपं वाटलं होतं. मी पार्किंगमध्ये ती पँट हातात धरून उभी होते. माझे पाय गरम होते, आणि आबांचा इतका राग मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.